तळाला गेलेले बेदाणे

शेवयांची खीर खाताना वाटी संपत आली की तळाशी चमच्याला बेदाणे लागतात. श्रीखंडात तसं होत नाही. त्यात बेदाणा जिथे पडला तिथेच तो दुसऱ्या दिवशीही सापडतो. खिरीबद्दल कुणी तक्रार करत नाही, उलट शेवटचे ते चार बेदाणे कुणाच्या वाट्याला यावेत यावरून आमच्याकडे भांडणं होत. केकची गोष्ट मात्र वेगळी. केक सुरीने कापावा लागतो, आणि कापला की आतलं सगळं उघडं पडतं. वरचे दोन तृतीयांश कोरे, तळाशी बेदाण्यांचा काळपट चिकट थर, आणि समोर ताटल्या घेऊन बसलेली माणसं.

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात माझं असंच झालं. केक साधाच होता : लोणी, साखर आणि मैदा प्रत्येकी २०० ग्रॅम, चार अंडी, दीड चमचा बेकिंग पावडर, आणि बेदाणे, टुटीफ्रुटी, काजूचे तुकडे मिळून दीडशे ग्रॅम. सुक्या मेव्याला मैदा चोळायचा, म्हणजे तो खाली जात नाही, हे मी शाळेत असल्यापासून ऐकत आले आहे. त्याप्रमाणे दोन चमचे मैदा चोळला होता. तरीही सगळं तळाला. आमच्या खालच्या मजल्यावर वसईकडच्या एक बाई राहतात. नाताळात त्यांच्याकडे चाळीस चाळीस केक होतात. त्यांना एक तुकडा नेऊन दिला. त्यांनी तो उलटा करून पाहिला, बोटाने दाबला आणि म्हणाल्या, “अगो, मेव्याला काय दोष देतेस? तुझं पीठच पातळ झालंय.”

मला ते पटलं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी चार काचेचे ग्लास घेऊन बसले. दोन ग्लासांत घट्ट मिश्रण घातलं, चमचा उपडा केला तर तीन-चार सेकंद थांबून मगच गोळा पडेल असं. उरलेल्या दोघांत त्याच मिश्रणात थोडं दूध घालून चमच्यावरून धार लागेल इतपत सैल केलेलं. प्रत्येक जोडीत एका ग्लासात मैदा लावलेले बेदाणे वर ठेवले, दुसऱ्यात नुसतेच. मग चारही ग्लास हाताला सोसवेल इतक्या गरम पाण्यात उभे केले, कारण ओव्हनमध्ये गेल्यावर मिश्रण आधी कोमट होतं, नंतर शिजतं. सैल मिश्रणातले बेदाणे दहा मिनिटांत तळाला टेकले. मैद्याचे असोत की बिनमैद्याचे, काही फरक नाही. घट्ट मिश्रणातले बेदाणे निम्मेअर्धे रुतले आणि तिथेच अडकले, तेही दोन्ही ग्लासांत सारखेच. बाईंचं बरोबर होतं. मैदा लावणं हा या रोगावरचा मुख्य इलाज नव्हेच. त्याचा एक वेगळा, छोटा उपयोग आहे, त्याकडे पुढे येते.

असं का होतं, हे कळायला थोडं भौतिकशास्त्र लागतं, पण ते खिरीइतकंच सोपं आहे. बेदाणा पाण्याच्या जवळपास १.३ ते १.४ पट जड असतो, कारण त्याच्यात मुख्यतः साखर असते. छान फेटलेलं केकचं मिश्रण मात्र पाण्याहूनही हलकं असतं. एक वाटी पाण्याने भरून तोला, मग तीच वाटी मिश्रणाने काठोकाठ भरून तोला. मिश्रणाचं वजन कमी भरेल, कारण त्यात हवेचे लाखो बारीक बुडबुडे आहेत. म्हणजे बेदाणा बुडायलाच निघालेला असतो. प्रश्न एवढाच की तो किती वेगाने बुडेल आणि वाटेत त्याला कुणी धरेल का. बदाम-काजू पाण्याहून किंचितच जड, त्यामुळे ते सावकाश जातात. अक्रोडाचे खाचखळग्यांचे तुकडे तर बऱ्याचदा पाण्यावर तरंगतातही. म्हणून एकाच केकमध्ये अक्रोड मधोमध राहतो आणि बेदाणे-चेरी तळ गाठतात, आणि आपण उगाच चेरीच्या दुकानदाराला नावं ठेवतो.

वेगाचं गणित जॉर्ज गेब्रिएल स्टोक्स या गणितज्ञाने १८५१ साली मांडलं. ते केकसाठी नव्हतं अर्थात. दाट द्रवातून लहान गोळा किती वेगाने खाली जाईल, हा त्याचा प्रश्न होता. त्याच्या उत्तरातल्या तीन गोष्टी स्वयंपाकघरात कामाला येतात. गोळा आणि द्रव यांच्या जडपणात जितका फरक, तितका वेग जास्त. द्रव जितका दाट, तितका वेग कमी. आणि गोळ्याचा आकार निम्मा केला, तर वेग निम्मा नव्हे, एक चतुर्थांश होतो. ही तिसरी गोष्ट फार उपयोगाची आहे. अख्ख्या चेरीचे चार तुकडे करणं हे मैदा चोळण्यापेक्षा कितीतरी जास्त परिणामकारक आहे.

मात्र केकचं मिश्रण हे मधासारखं नुसतं दाट नसतं. मधात टाकलेला बेदाणा उशिरा का होईना, हलेलच. घट्ट फेटलेलं मिश्रण श्रीखंडासारखं असतं. त्याला स्वतःची थोडी ताकद असते, आणि लहान वजन त्या ताकदीपेक्षा कमी पडलं तर ते मुळीच हलत नाही. तेव्हा मिश्रणात ही श्रीखंडाची जात आणायची आणि ओव्हनमध्ये ती जास्तीत जास्त वेळ टिकवायची, एवढंच काम आहे.

ओव्हनमधला वेळ म्हणजे खरी कसोटी. टिन आत गेल्यावर पहिल्यांदा लोणी वितळतं, साधारण ३२ ते ३५ अंशांना. त्या क्षणी मिश्रणाचा कणा मोडतो आणि ते सैल होतं. पुढे मैद्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि अंडं गोठतं, तेव्हा ते पुन्हा घट्ट होतं. पण साखर भरपूर असल्यामुळे स्टार्च नेहमीपेक्षा बऱ्याच वरच्या तापमानाला, ऐंशी अंशांच्या पुढेमागे, फुगतो. म्हणजे पस्तीसपासून ऐंशीपर्यंतचा सगळा प्रवास मिश्रण सैलच असतं. बेदाणे जे काही खाली जातात ते मुख्यतः या मधल्या काळात. कडेचं मिश्रण धातूला लागून लवकर शिजतं, मधला भाग सगळ्यात शेवटी. त्यामुळे केक कापल्यावर कडेचे बेदाणे जागेवर आणि मधलेच खाली गेलेले दिसले, तर मिश्रणापेक्षा ओव्हनकडे बघा. तो पुरेसा तापण्याआधीच टिन आत गेलं असेल किंवा टिन फार खोल असेल. बेदाणे सगळीकडे सारखेच तळाला असतील तर दोष मिश्रणाचा. आणि ते कुठेतरी एकाच ठिकाणी गठ्ठ्याने सापडले, तर ते एकमेकांना चिकटलेले होते.

आता माझा केक पातळ कसा झाला, ते सांगते, कारण हीच चूक मुंबईत घरोघरी होते. इंग्लिश पाककृतींत “लोणी खोलीच्या तापमानाला असावं” असं लिहिलेलं असतं. तिथली खोली म्हणजे अठरा-वीस अंश. माझी खोली डिसेंबरात दुपारी तीस. मी लोणी सकाळपासून ओट्यावर ठेवलं होतं. ते मऊ नव्हतं, तेलकट झालं होतं. लोण्यात हवा धरून ठेवतात ते त्यातल्या चरबीचे घट्ट स्फटिक. तीस अंशाला ते जवळजवळ वितळलेले असतात, मग साखरेबरोबर कितीही फेटा, ते पांढरं आणि फुगीर होत नाही, नुसतं चकाकतं. लोणी फ्रीजमधून काढून तुकडे करून पंधरा-वीस मिनिटंच बाहेर ठेवावं. बोट दाबलं तर खळगा पडावा, पण बोट सहज आरपार जाऊ नये. फेटताना भांड्याचा तळ हाताला कोमट लागला, तर भांडं पाच मिनिटं फ्रीजमध्ये ठेवायला काहीच हरकत नाही.

दुसरी चूक अंड्यांची. ती मी थेट फ्रीजमधून काढून एकदम घातली. गार अंडी पडली की लोणी आखडतं आणि मिश्रण फाटतं, नासलेल्या दुधासारखं कणकण दिसतं. फाटलेल्या मिश्रणात लोणी आणि अंड्यातलं पाणी एकमेकांना सोडून बसलेले असतात, आणि अशा मिश्रणाला मेवा पेलत नाही. अंडी आधी अर्धा तास बाहेर काढावी, फोडून हलकी फेटावी आणि पाच-सहा वेळा थोडी थोडी घालावी. तरी फाटतंय असं दिसलं तर मोजलेल्या मैद्यातलाच एक चमचा मैदा त्यात टाकावा, बहुतेक वेळा ते सावरतं. मी सावरायच्या ऐवजी काय केलं? मिश्रण विचित्र दिसतंय म्हणून चार चमचे दूध घातलं. तिथेच सगळं बिघडलं. अशा केकमध्ये दूध लागलंच तर चमच्याचमच्याने घालायचं असतं, आणि मिश्रण उपड्या चमच्यावरून अलगद गोळ्याने पडायला लागलं की थांबायचं. धार लागली म्हणजे उशीर झाला.

बेकिंग पावडरही मी जरा जास्तच घातली होती. तिने मिश्रण फुगतं हे खरं, पण ओव्हनमध्ये बुडबुडे मोठे होऊन फुटतात तेव्हा ते हलकं आणि भुसभुशीत होतं, त्यात जड फळ टिकत नाही. दोनशे ग्रॅम मैद्याला लोणी नीट फेटलेलं असेल तर एक सपाट चमचा पुष्कळ झाला. मध्यभाग फुगून पुन्हा खाली बसला असेल, तर पावडर जास्त झाल्याचा संशय घ्यायला हरकत नाही, मेवा कुठेही असो.

मेव्याकडे आता वळू. आपल्याकडचे बरेचसे बेदाणे सांगली-तासगावकडचे. तिथे द्राक्षं लवकर वाळावीत म्हणून ती आधी एका द्रावणात बुडवतात. त्यात पोटॅशियम कार्बोनेट आणि एक तेलासारखा पदार्थ असतो, शेतकरी त्याला डिपिंग ऑइलच म्हणतात. त्यामुळे द्राक्षाच्या सालीवरचा मेणाचा थर सैल होतो आणि पाणी चटकन उडतं. बेदाण्यावर थोडी तकाकी, धूळ आणि अधूनमधून एखादा देठ राहतो. म्हणून कोमट पाण्यात दोनदा चोळून धुवावेत. मग ते कोरड्या फडक्यावर पसरून रात्रभर वाळवावेत. इथे आळस नको. ओल्या बेदाण्याभोवती पाण्याचा थर असतो, तो मिश्रणात मिसळून नेमकं त्याच्या आजूबाजूचं मिश्रण पातळ करतो, आणि बेदाणा त्याच वाटेने घसरत जातो. रममध्ये किंवा संत्र्याच्या रसात भिजवलेल्या मेव्याचं हेच. भिजल्यामुळे तो फुगतो आणि खरं म्हणजे थोडा हलकाच होतो, पण चाळणीत घालून निथळला नाही तर सोबत आणलेला रस सगळं बिघडवतो. निथळलेली रम फेकू नये, ती केक तयार झाल्यावर वरून शिंपडता येते.

पाकातल्या लाल चेरींचा त्रास सगळ्यात जास्त. त्या मोठ्या, जड आणि वर पाकाने गुळगुळीत. त्या कोमट पाण्यात धुऊन पाक काढावा, चार-चार तुकडे करावेत, परत धुवावेत, कारण कापल्यावर आतला पाक बाहेर येतो, आणि फडक्यात घट्ट दाबून कोरड्या कराव्यात. टुटीफ्रुटी म्हणजे कच्च्या पपईचे साखरेत मुरवलेले तुकडे. ते आधीच बारीक असतात म्हणून फारसा त्रास देत नाहीत. फक्त पाकिटातून गोळाच बाहेर आला तर तो बोटांनी सुटा करून घ्यावा लागतो.

आणि आता मैदा. त्याचा उपयोग असा : सगळा मेवा कोरडा झाला की मोजलेल्या मैद्यातलाच एक मोठा चमचा त्यावर घालून बोटांनी चोळायचा, म्हणजे उरलासुरला ओलावा शोषला जातो आणि चिकटलेले बेदाणे सुटे होतात. पाच बेदाण्यांचा एक गठ्ठा हा मोठ्या गोळ्यासारखाच वागतो, आणि मोठा गोळा किती वेगाने जातो ते वर आलंच आहे. मैद्याचं काम एवढंच. पातळ मिश्रणात ते काही करू शकत नाही. जास्तीचा मैदा चाळणीतून झाडून टाका, नाहीतर केक कापल्यावर बेदाण्याभोवती पांढरे कच्चे ठिपके दिसतात, आणि ते खाणाऱ्याला पटकन कळतात.

मेवा मिश्रणात सगळ्यात शेवटी, मैदा घालून झाल्यावर, रबरी चमच्याने खालून वर घडी घालत मिसळावा. त्यावर आणखी एक खबरदारी आहे, ती मी बाईंकडूनच शिकले. त्या मेवा मिसळण्याआधी एक तृतीयांश कोरं मिश्रण टिनमध्ये आधी पसरून घेतात, आणि उरलेल्या मिश्रणात मेवा मिसळून तो वर घालतात. बेदाणे घसरले तरी त्या कोऱ्या थरात घसरतात आणि कापल्यावर साधारण मधोमध दिसतात. “थोडी लबाडी आहे,” त्या म्हणाल्या, “पण चालते.” वर बदाम मांडायचे असतील, स्कॉटलंडच्या डंडी केकवर गोलाकार मांडतात तसे, तर ते नुसते ठेवायचे. दाबले की ते आत जातात आणि सैल झालेलं मिश्रण त्यांच्यावर बंद होतं. ओव्हन आधी १६० अंशांवर नीट तापवलेला हवा, म्हणजे ते मधलं सैल अंतर लवकर पार होतं. दोनशे ग्रॅमच्या या केकला वीस सेंटिमीटर रुंद टिनमध्ये तासाभराहून थोडा अधिक वेळ लागतो. पहिली चाळीस मिनिटं दार उघडू नये. मध्येच थंड हवा आत गेली तर मिश्रणाचं तापमान खाली येतं आणि बेदाण्यांना घसरायला आणखी वेळ मिळतो.

पुढच्या रविवारी मी हाच केक पुन्हा केला. लोणी वीस मिनिटं बाहेर, अंडी थोडी थोडी, दूध अजिबात नाही, बेकिंग पावडर एक चमचा, बेदाणे अर्धे कापलेले. कापल्यावर एखाद-दोन काजू खाली दिसले, बाकी मेवा वरपासून खालपर्यंत विखुरलेला. मैदा मात्र सवयीने चोळलाच.

हे झालं अंड्याच्या, फेटलेल्या लोण्याच्या केकचं. बिनअंड्याचा कंडेन्स्ड मिल्कचा केक ही निराळी जात, आणि त्यात हे सगळे उपाय अर्धेच चालतात. त्यात लोणी वितळवून घातलेलं असतं, म्हणजे श्रीखंडाची ताकद मुळातच नसते, आणि मिश्रण ओतण्याजोगं ठेवावं लागतं, नाहीतर केक दडस होतो. तो घट्ट करायला जास्त मैदा घालावासा वाटतो, पण मग वरचा भाग तडकतो आणि दुसऱ्या दिवशी केक कोरडा खुसखुशीत होतो. अशा केकमध्ये मेवा बारीक, तांदळाच्या दाण्याच्या दुपटीएवढा चिरावा, बेदाण्यांपेक्षा अक्रोड आणि बारीक टुटीफ्रुटी वापरावी, आणि थोडा मेवा मिश्रण टिनमध्ये ओतल्यावर वरून भुरभुरावा. मोठ्या अख्ख्या चेरी त्यात टिकणार नाहीत, कितीही मैदा चोळला तरी.

रव्याच्या केकमध्ये मात्र एक सोय आहे, आणि आपल्याकडे ती आपोआपच वापरली जाते. दही-दुधात कालवलेला रवा वीस-पंचवीस मिनिटं भिजत ठेवतात. त्या वेळात रवा पाणी पितो आणि पातळ मिश्रण लापशीसारखं घट्ट होतं. मेवा या विश्रांतीनंतर घालावा, आणि सोडा त्याहूनही नंतर. आधी घातला तर आधी मेवा तळाला जातो आणि नंतर मिश्रण घट्ट होतं, म्हणजे फायदा हातचा निसटतो.

गंमत अशी की ज्या केकमध्ये सगळ्यात जास्त मेवा असतो, तोच बुडवत नाही. नाताळच्या गडद केकमध्ये मैद्याच्या दुप्पट-तिप्पट वजनाचा मेवा असतो. तिथे बेदाणे एकमेकांवर रचलेले असतात, खाली जायला जागाच नसते. मिश्रण त्यांच्यामधल्या फटी भरण्यापुरतं. मेवा बुडतो तो थोडका घातलेल्या केकमध्ये, चहाबरोबरच्या साध्या केकमध्ये. शंभर ग्रॅम मैद्याला पन्नास-पंच्याहत्तर ग्रॅम मेवा, म्हणजे नेमका माझा केक. तेव्हा पहिल्यांदाच करणाऱ्याने चेरीच्या केकपासून सुरुवात करू नये असं मला वाटतं. तो दिसायला सोपा आणि करायला सगळ्यात अवघड आहे.

आणि एवढं करूनही बुडालाच तर? खालच्या मजल्यावरच्या बाईंनी त्या दिवशी माझा तुकडा उलटा केला होता, ते निव्वळ तपासायला नव्हतं. पूर्ण गार झालेला केक त्या टिनमधून काढून उपडा करतात, वरचा फुगवटा सुरीने सपाट करतात म्हणजे तो खाली नीट बसतो, आणि वर आलेल्या मेव्याच्या थरावर गरम करून पातळ केलेला जर्दाळूचा जॅम ब्रशने लावतात. पाहुण्यांना वाटतं, मुद्दामच वर मेवा लावलाय.